कळत नाही, जमत नाही की मिळत नाही? नोकरीत नवं असताना आधी मेंटॉर शोधावा, कोच की स्पॉन्सर

मार्चचा दुसरा आठवडा. मीटिंग रूमचं दार बंद, भिंतीवरच्या पडद्यावर एक्सेलची शीट आणि शीटमध्ये ३६ नावं. खोलीत आम्ही सहा मॅनेजर, एचआरची एक प्रतिनिधी आणि आमचे डिलिव्हरी हेड. सगळी नावं एकाच लेव्हलची, तीन वर्षांपर्यंत अनुभव असलेल्या मुलामुलींची. वार्षिक अप्रेझलमधल्या सगळ्यांत वरच्या रेटिंगच्या जागा पाच आणि आम्ही मिळून सुचवलेली नावं अकरा. त्यातली सहा खाली आणल्याशिवाय कुणी उठणार नव्हतं.

एका नावाला दोन-तीन मिनिटं मिळतात. आधी त्याचा मॅनेजर दोन वाक्यं बोलतो. मग हेड विचारतात, "याच्यासोबत आणखी कुणी काम केलंय का?" कुणी म्हणालं, "हो, मागच्या रिलीजच्या रात्री घोळ झाला होता तो यानंच निस्तरला," तर नाव टिकतं. कुणीच काही बोललं नाही तर कर्सर रेटिंगच्या रकान्यात जातो आणि आकडा बदलतो. वर्षभराची मेहनत अशी अर्ध्या मिनिटाच्या शांततेत मागे पडलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे.

पुण्यातल्या आयटी कंपन्यांमध्ये मी पंधरा वर्षं काढली. त्यातली नऊ या दाराच्या आत आणि त्याआधीची सहा दाराबाहेर. बाहेर असताना मला एक चांगले मेंटॉर होते. चार वर्षं त्यांच्याकडून खूप शिकलो. पण ते या खोलीत कधीच बसत नव्हते, आणि हे मला चौथ्या वर्षी कळलं. म्हणून नव्यानं लागलेल्या मुलांनी "मेंटॉर कसा शोधू?" असं विचारलं की मी आधी मेंटॉर, कोच आणि स्पॉन्सर हे तीन शब्द वेगळे करून देतो. तिघांची कामं वेगळी, ते भेटतात वेगळ्या ठिकाणी, आणि त्यांना शोधायचा क्रमही ठरलेला आहे.

तिघांत फरक काय

आपल्याकडे याचं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण क्रिकेटमध्ये सापडतं. सचिन तेंडुलकरच्या सुरुवातीच्या काळात तिन्ही भूमिका तीन वेगळ्या माणसांनी केल्या. थोरला भाऊ अजित याला धाकट्याची गुणवत्ता दिसली, त्यानं त्याला शिवाजी पार्कवर नेलं आणि पुढे आयुष्यभर त्याच्याशी खेळाबद्दल बोलत राहिला. २०१३ साली वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सचिननं सांगितलं की अगदी आदल्या रात्रीसुद्धा त्यांचं त्याच्या बाद होण्याबद्दल बोलणं झालं होतं. हा मेंटॉर. रमाकांत आचरेकर सर नेटच्या मागे उभे राहून बघायचे. स्टंपवर नाणं ठेवायचे, बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते मिळायचं, आणि कुणालाच बाद करता आलं नाही तर ते सचिनचं. हा कोच. आणि मुंबईचे तेव्हाचे कर्णधार दिलीप वेंगसरकर. नेटमध्ये कपिल देवच्या गोलंदाजीला हा पोरगा आरामात खेळतोय हे त्यांनी पाहिलं आणि त्याला संघात घेण्यासाठी आपला शब्द टाकला. डिसेंबर १९८८ मध्ये पंधराव्या वर्षी सचिन रणजीत उतरला आणि गुजरातविरुद्ध पहिल्याच सामन्यात नाबाद १०० करून परतला. वेंगसरकर इथे स्पॉन्सर.

यात एक गोष्ट नीट बघा. अजित कितीही बोलला असता तरी संघ निवडला जाताना त्याचं मत कुणी विचारणार नव्हतं. आणि वेंगसरकरांनी नेटमधली फलंदाजी पाहिली नसती तर शब्द टाकायला त्यांच्याकडे आधारच नव्हता. ऑफिसातही हेच असतं. मेंटॉर तुमच्याशी बोलतो. कोच तुम्हाला काम करताना बघतो. स्पॉन्सर तुम्ही नसताना तुमच्याबद्दल बोलतो.

पहिली पायरी: आपलं दुखणं कोणतं ते ओळखा

कोण शोधायचं हे ठरवण्याआधी एक कागद घ्या आणि गेल्या महिन्यात कामात जिथे जिथे अडलात ते सगळे प्रसंग लिहा. आठ-दहा सहज निघतील. प्रत्येक प्रसंगापुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा: कळलं नाही, जमलं नाही, मिळालं नाही.

"रिलीजच्या आधी सही कुणाची लागते हे माहीत नव्हतं" म्हणजे कळलं नाही. "क्लायंट कॉलवर काय बोलायचं ते माहीत होतं, पण तोंडातून चार मिनिटं गोल गोल वाक्यं गेली" म्हणजे जमलं नाही. "डेमो देता येतो, दोनदा टीमसमोर दिलाय, पण क्लायंटसमोर दर वेळी दुसऱ्यालाच पाठवतात" म्हणजे मिळालं नाही. कळत नाही त्याला मेंटॉर लागतो, जमत नाही त्याला कोच आणि मिळत नाही त्याला स्पॉन्सर.

ही विभागणी प्रामाणिकपणे करणं अवघड जातं. आपल्याला सगळं "मिळालं नाही" असंच वाटत असतं. त्यासाठी एक चाचणी करा. "मिळालं नाही" लिहिलेल्या प्रत्येक प्रसंगापुढे स्वतःला विचारा की हे काम मी आधी कुणासमोर पूर्ण करून दाखवलंय का, आणि त्या माणसाचं नाव लिहा. नाव लिहिता आलं नाही तर तो प्रसंग "जमलं नाही"च्या रकान्यात जातो. निदान जमतं हे अजून कुणी पाहिलेलं नाही.

पहिल्या दीड वर्षातल्या मुलांकडून मी ही यादी करून घेतो तेव्हा बहुतेक ओळींपुढे "कळलं नाही" येतं. त्यात कमीपणा काही नाही. कॉलेजात विषय शिकवतात, एखाद्या कंपनीत काम प्रत्यक्ष कसं पुढे सरकतं हे कुठेच शिकवत नाहीत.

मग आधी कोण?

माझं उत्तर ठाम आहे. पहिल्या वर्षी आधी मेंटॉर, आणि तोसुद्धा तुमच्याच प्रकारचं काम करणारा, तुमच्याहून दोन-तीन वर्षांनी पुढे असलेला, तुमचा मॅनेजर नसलेला माणूस.

स्पॉन्सर आधी शोधायला काय हरकत आहे, असं मुलं विचारतात. अडचण अशी की तो मागून मिळत नाही. स्पॉन्सर त्या खोलीत तुमचं नाव घेतो तेव्हा त्याचं स्वतःचं नाव पणाला लागतं. तुम्ही नंतर कमी पडलात तर पुढच्या वर्षी त्याच्या शब्दाचं वजन कमी होतं. चार महिने झालेल्या माणसासाठी असा धोका कुणी घेत नाही आणि घेऊही नये. त्याला बोलायला दोन ठोस कामं लागतात. ती कामं कोणती करावीत, इथे कोणत्या कामाकडे लक्ष जातं आणि कोणतं काम कुणाच्याच नजरेस येत नाही, हे मेंटॉरकडून कळतं. म्हणून मेंटॉर आधी.

तीन-चार पायऱ्या वरचा माणूसही मेंटॉर म्हणून आधी नको. बऱ्याच जणांना डायरेक्टर मेंटॉर हवा असतो. त्याला तुमच्या जागेवरचं काम सोडून दहा-बारा वर्षं झालेली असतात. तो करिअरबद्दल चांगलं बोलेल, पण सॉफ्टवेअरमधली चूक म्हणून तुम्ही नोंदवलेला डिफेक्ट परत का आला हे त्याला सांगता येणार नाही. दोन वर्षं पुढे असलेल्याला नुकतेच तेच काटे टोचलेले असतात. मॅनेजर नको म्हणतो त्याचं कारण सरळ आहे. तुमचं रेटिंग तोच लिहितो, म्हणून "मला हे अजिबात कळत नाही" हे वाक्य त्याच्यासमोर मोकळेपणानं निघत नाही. बरोबरीनं प्रमोशनच्या रांगेत असलेलाही नको. त्याचा हेतू चांगला असला तरी दोघांची ओढाताण होते.

हा क्रम काही ठिकाणी बदलतो. पंधरा माणसांच्या कंपनीत मालकच सगळं ठरवतो, तिथे मेंटॉर बाहेरचा बघावा, आधीच्या बॅचचा किंवा आधीच्या नोकरीतला. आणि तुम्ही बेंचवर असाल, म्हणजे हाती कोणताच प्रोजेक्ट नसेल, तर घड्याळ चालू असतं. तेव्हा तुमचं काम पाहिलेल्या आधीच्या लीडला फोन करून "कुठे जागा असेल तर माझं नाव सुचवाल का?" असं थेट विचारावं. तिथे स्पॉन्सरच आधी.

दुसरी पायरी: मेंटॉर मागायचा कसा

"तुम्ही माझे मेंटॉर व्हाल का?" असं कधीही विचारू नका. समोरच्याला कळत नाही की किती वेळ जाणार आणि नेमकं करायचं काय. तो संकोचून "हो, बघू ना" म्हणतो आणि गोष्ट तिथेच थांबते. एक छोटं, ठरावीक काम मागा.

माझ्या शेजारच्या टीममध्ये लातूरची एक मुलगी जुलैमध्ये टेस्टिंगला लागली. पुढचा सगळा लेख तिच्याच धाग्यानं सांगतो, कारण तिचा प्रवास मी जवळून पाहिला. नोव्हेंबरपर्यंत ती हैराण झाली होती. तिनं ट्रॅकरमध्ये नोंदवलेले डिफेक्ट डेव्हलपर "पुन्हा करून पाहिलं, येत नाही" म्हणून परत पाठवत. माझ्या टीममध्ये तिच्याहून अडीच वर्षांनी सीनियर एक मुलगा होता. त्याला तिनं हा मेसेज पाठवला, आणि त्यानं तो मला कौतुकानं दाखवला:

"नमस्कार सर, मी शेजारच्या टेस्टिंग टीममध्ये चार महिन्यांपूर्वी आले. गेल्या रिलीजला मी नोंदवलेल्या नऊ डिफेक्टपैकी पाच परत आले. तुमचे डिफेक्ट क्वचितच परत येतात असं मी ट्रॅकरमध्ये पाहिलं. तुमचे दोन आणि माझे दोन समोर ठेवून वीस मिनिटं बोलता येईल का? गुरुवारी किंवा शुक्रवारी चारनंतर, तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा."

या मेसेजमध्ये अडचण आकड्यात आहे. याच माणसाला का विचारतेय तेही आहे, आणि वेळेला मर्यादा आहे. त्याला "नाही" म्हणायलाही सोपं गेलं असतं, आणि ते महत्त्वाचं असतं. तो "हो" म्हणाला. "सर" म्हणू नकोस, हे त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं.

वीस मिनिटांत काय झालं ते बघा. त्यानं तिचा डिफेक्ट उघडला. त्यात लिहिलं होतं, "प्रीमियमची रक्कम चुकीची दिसते." त्यानं विचारलं, कोणत्या पॉलिसीवर? कोणत्या तारखेच्या डेटावर? कोणत्या बिल्डवर? किती दिसायला हवी होती आणि किती दिसली? तिला सगळं माहीत होतं, पण लिहिलेलं काहीच नव्हतं. मग त्यानं तिला ट्रॅकरमध्ये कुठेही न लिहिलेली एक गोष्ट सांगितली. डेव्हलपरकडचा टेस्ट डेटा दर सोमवारी नव्यानं भरला जातो, म्हणून शुक्रवारी नोंदवलेला डिफेक्ट सोमवारी त्यांच्याकडे दिसतच नाही. पुढच्या रिलीजला तिच्या आठपैकी एकच डिफेक्ट परत आला. कळत नव्हतं ते कळलं, बाकी ती तीच होती.

तिसरी पायरी: मेंटॉरला धरून ठेवायचं कसं

पहिल्या भेटीनंतर दोन-तीन दिवसांत त्याला कळवा की तुम्ही काय करून पाहिलं आणि काय झालं. दोन ओळी पुरतात. नुसतं "खूप धन्यवाद" लिहून फार उपयोग होत नाही. आपला वेळ कारणी लागला हे त्याला दिसलं की दुसरी भेट तुम्हाला मागावी लागत नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास ठेवा. प्रत्येक वेळी एकच प्रश्न न्या, आणि शक्यतो स्क्रीनवर उघडता येईल असं काहीतरी सोबत न्या. तिनं कॅन्टीनमधलं शुक्रवारचं साडेचार ठरवलं होतं आणि एका वहीत डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर पुढे काय झालं ते लिहीत असे. जागा आणि वेळ अशी उघडी, ऑफिसातली ठेवलेली बरी. दोघांनाही मोकळं वाटतं आणि कुजबुजीला जागा उरत नाही.

मेंटॉर चुकलाय हे तीन भेटींत कळतं. तुमच्या प्रश्नाआधीच त्याची कहाणी सुरू होते. किंवा बोलणं दर वेळी अमक्या मॅनेजरवर जाऊन थांबतं, आणि तुम्ही उठता तेव्हा काम शिकलेलं नसतं, फक्त राग वाढलेला असतो. किंवा तो सलग तीनदा पुढे ढकलतो. भांडण नको, नातं तोडणंही नको. "सध्या रिलीजची गडबड आहे, काही अडलं तर विचारीन" म्हणा आणि दुसरा माणूस बघा. एचआरनं नेमून दिलेल्या मेंटॉरलाही हीच तीन भेटींची कसोटी लावा.

चौथी पायरी: कोच तुमच्या टीममध्येच आहे

एप्रिलपर्यंत तिच्या यादीतले "कळलं नाही" कमी झाले आणि एक "जमलं नाही" ठळक दिसायला लागलं. दर मंगळवारी दुपारी इंग्लंडच्या क्लायंटबरोबर कॉल असे. तिच्या भागाचं स्टेटस सांगताना ती अडखळायची, मग घाबरून सगळंच सांगत सुटायची.

मेंटॉरनं तिला सल्ला दिला, "थोडक्यात बोल." सल्ला बरोबर होता, उपयोग शून्य झाला, कारण मेंटॉर त्या कॉलवर नसायचा. जमत नाही त्या गोष्टीला ती करताना बघणारा माणूस लागतो. त्यासाठी पैसे देऊन बाहेरचा कोच लावायची गरज नाही. व्यावसायिक कोच सहसा तयार उत्तर देत नाही, प्रश्न विचारून तुम्हालाच ते शोधायला लावतो. वरिष्ठांना त्याचा उपयोग होतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षी तुम्हाला बघणारा हवा असतो, आणि तो बहुतेक वेळा तुमचा लीड असतो.

तो आपणहून कोच होणार नाही, त्याला तसं वळवावं लागतं. यातली हातोटी एवढीच की प्रश्न काम झाल्यावर नाही, कामाआधी विचारायचा. कॉल झाल्यावर "कसं झालं?" विचारलं की उत्तर येतं "बरं झालं". तिनं कॉलच्या आधी लीडला सांगितलं, "आज मी स्टेटस तीन वाक्यांत सांगणार आहे. काय झालं, काय अडलंय, तुमच्याकडून काय हवं. माझं दुसरं वाक्य लांबतं का तेवढं बघाल?" आता लीडला नेमकं काय बघायचं ते माहीत होतं. कॉलनंतर त्याला ते दोन मिनिटांत सांगता आलं: "दुसऱ्या वाक्यात तू कारण सांगायला लागलीस. कारण त्यांनी विचारलं तरच."

असं सहा आठवडे, दर मंगळवारी कॉलच्या आधी दहा मिनिटं तालीम आणि नंतर एकच सुधारणा. दोन सुधारणा एका वेळी घेतल्या की एकही हाती लागत नाही, म्हणून एकच. चौथ्या आठवड्यात ती पुन्हा गडबडली, कारण क्लायंटनं मध्येच प्रश्न विचारला. मग पुढचे दोन आठवडे लीडनं तालमीत मुद्दाम मध्येच अडवलं. कोचिंग असं दिसतं, आणि त्याला शेवट असतो. सातव्या आठवड्यात ती तालीम बंद झाली, कारण गरज उरली नव्हती. मेंटॉरचं नातं वर्षानुवर्षं चालू शकतं. कोचिंगचं काम एका कौशल्यापुरतं असतं, आणि ते संपलं नाही तर कुठेतरी चुकतंय असं समजावं.

पाचवी पायरी: स्पॉन्सर, आणि वशिल्याचा प्रश्न

इथे मराठी मुलं थबकतात, आणि त्यांचं थबकणं मला समजतं. "म्हणजे वशिलाच ना?" आपल्या घरांमध्ये वशिल्यानं वर जाणाऱ्याला मान नाही, आणि काम बोलतं असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. पण बंद खोलीत काम बोलत नाही. तिथे माणसं बोलतात.

वशिल्यात नातं आधी येतं आणि काम आलं तर नंतर. गाव, जात, ओळख, चहा, वाढदिवस. स्पॉन्सर तुमच्या कामावरून तुम्हाला ओळखतो आणि त्या कामाच्या जोरावर बोलतो. फरक ओळखायचा असेल तर एवढंच विचारा: हा माणूस खोलीत माझ्याबद्दल जे वाक्य म्हणेल, ते दुसऱ्या मॅनेजरला ट्रॅकर उघडून तपासता येईल का? येत असेल तर मागायला लाज वाटायचं कारण नाही.

हे मुलींनी जास्त लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. हर्मिनिया इबारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसलं होतं की हुशार, पुढे जाऊ शकणाऱ्या स्त्रियांना सल्ला देणारे भरपूर मिळतात, पण त्यांच्यासाठी शब्द टाकणारे बरोबरीच्या पुरुषांपेक्षा कमी असतात. माझ्या खोलीत मी हे पाहिलं आहे. "खूप मेहनती आहे" हे वाक्य मुलींबद्दल फार ऐकू येतं, आणि त्या वाक्यावर कुणाला वरचं रेटिंग मिळालेलं मला आठवत नाही.

प्रत्यक्ष करायचं काय? खोलीत कोण बसतं ते आधी शोधा. हा प्रश्न मेंटॉरला विचारायचा, "आपल्या लेव्हलच्या रेटिंगच्या चर्चेला कोण कोण असतं?" यात गुपित काही नसतं, नावं बहुतेकांना माहीत असतात. मग त्यातल्या कोणाच्या अडचणीत आपलं काम उपयोगी पडतं ते बघा. स्वतःच्या मॅनेजरशिवाय आणखी एक नाव हवं, कारण हेडचा प्रश्न "आणखी कुणी?" असाच असतो.

तिच्या टीमला दर रिलीजआधी ३४० टेस्ट केसेस हातानं चालवाव्या लागत, चौघांचे तीन दिवस जात. ती करताना तिच्या लक्षात आलं की त्यातल्या ६० केसेस वेगळ्या नावानं तेच तपासतात. तिनं त्यांची यादी केली, प्रत्येकीसमोर तिची जोडीदार केस लिहिली, लीडकडून तपासून घेतली. तीन दिवसांतला अर्धा दिवस वाचला. तोपर्यंत हे चांगलं काम होतं, पण तिच्या टीमबाहेर कुणाला माहीत नव्हतं. मेंटॉर म्हणाला, "ऑटोमेशनची टीम याच केसेस स्क्रिप्टमध्ये घेतेय. त्यांना ही यादी आज दे, नाहीतर ते साठ स्क्रिप्ट फुकट लिहितील." तिनं लीडला विचारून यादी पाठवली. ऑटोमेशनचे मॅनेजर त्या खोलीतले एक होते.

ऑक्टोबरमध्ये तिनं पुढचं पाऊल टाकलं. अप्रेझलचं वर्ष मार्चला संपतं आणि फेब्रुवारीत मॅनेजरांची मतं जवळजवळ पक्की झालेली असतात. त्यामुळे काय हवंय हे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत सांगितलेलं असावं. तिनं त्या मॅनेजरांकडे पंधरा मिनिटं मागितली आणि म्हणाली, "मला पुढच्या वर्षी ऑटोमेशनच्या कामात यायचं आहे. त्यासाठी माझ्या कामात अजून काय दिसायला हवं?" त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एका लहान भागाच्या स्क्रिप्ट लिहून दाखव, आणि त्या क्लायंटला तूच समजावून सांग. मंगळवारची तालीम इथे कामी आली. आणि हे सगळं तिनं स्वतःच्या मॅनेजरला आधी सांगितलं होतं. ही पायरी गाळू नका. दुसऱ्या मॅनेजरकडून कळलं तर तुमचा मॅनेजर दुखावतो, आणि खोलीत पहिलं वाक्य त्याचंच असतं.

जानेवारीत तिनं दोघांनाही अर्धं पान पाठवलं. त्यात विशेषणं नव्हती. ६० केसेस, अर्धा दिवस, लिहिलेल्या १४ स्क्रिप्ट, क्लायंटला दिलेला एक डेमो, आणि प्रत्येकापुढे ट्रॅकरमधला क्रमांक. खोलीत आम्ही बोलतो ती वाक्यं बहुतेकदा अशाच अर्ध्या पानांतून येतात, कारण मार्चमध्ये कुणालाच वर्षभराचं आठवत नाही.

तिचं नाव आलं तेव्हा तिचा मॅनेजर म्हणाला, "मेहनती आहे, वेळेत काम देते." हेडनी नेहमीचा प्रश्न विचारला. ऑटोमेशनचे मॅनेजर म्हणाले, "साठ डुप्लिकेट केसेस तिनं शोधल्या, माझ्या टीमनं त्या लिहिल्या असत्या. जागा निघाली तर मला ती हवी." नाव लगेच खाली गेलं नाही. अर्ध्या तासानंतर मात्र पाच जागा भरल्या आणि ती सहावी ठरली. वरचं रेटिंग तिला मिळालं नाही. स्पॉन्सर जागा वाढवू शकत नाही, ही त्याची मर्यादा धरून चाला. मे महिन्यात ऑटोमेशनमध्ये एक जागा निघाली आणि ती तिला मिळाली.

स्पॉन्सर खरा आहे का, आणि तो गेला तर

गोड बोलणारे वरिष्ठ खूप असतात. "तुझं काम माझ्या लक्षात आहे" हे वाक्य ऐकून कुणी दोन-दोन वर्षं थांबतं. म्हणून तीन महिन्यांनी एकदा बघा की त्या माणसामुळे काही हललं का. एखाद्या मीटिंगचं बोलावणं आलं, मेलमध्ये वरच्यांसमोर तुमचं नाव आलं, एखादं अवघड काम तुमच्या हाती दिलं गेलं. सहा महिन्यांत यातलं काहीच झालं नसेल तर तो तुमचा हितचिंतक आहे, कदाचित चांगला मेंटॉर होईल, पण स्पॉन्सर नाही.

एकाच माणसावर सगळं टाकणंही धोक्याचं. त्याच्या दोन कामांसाठी रात्री जागणारा मुलगा हळूहळू "त्यांचा माणूस" म्हणून ओळखला जातो, आणि मग त्याचे विरोधक आपोआप याचेही होतात. ते टाळायचं असेल तर वर्षातून एक तरी काम वेगळ्या मॅनेजरच्या टीमसोबत करा.

आणि स्पॉन्सर नोकरी सोडतात. मुलीच्या बाबतीत तेच झालं, ऑटोमेशनचे मॅनेजर सप्टेंबरमध्ये गेले. अशी बातमी कळली की नोटीस पिरियडमध्येच त्यांना भेटा आणि दोन गोष्टी मागा. एक, त्यांच्या जागी येणाऱ्या माणसाशी दहा मिनिटांची ओळख, तुम्ही केलेल्या कामाच्या उल्लेखासह. दोन, वर्षाच्या मध्यातला अभिप्राय सिस्टीममध्ये लिहून ठेवणं, कारण त्यांचा लॉगिन बंद झाल्यावर ते लिहू शकत नाहीत. तिनं दोन्ही मागितल्या. त्यांनी शेवटच्या आठवड्यात चार ओळी लिहिल्या, आणि पुढच्या मार्चमध्ये तिचं नाव आलं तेव्हा नव्या मॅनेजरनी त्याच चार ओळी वाचून दाखवल्या.